नोंदणी नंबर नसलेलं वर्ष

लातूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आम्ही सोळा जण होतो. त्यात मुली दोन. एक मी, चाकूरची, आणि दुसरी अर्धापूरची. पहिल्याच दिवशी निदेशकांनी आम्हा दोघींकडे बघून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "शिवणकर्तनाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत हाय." आम्ही दोघी जागच्या हललो नाही. मग त्यांनी आम्हाला एक-एक लोखंडी ठोकळा आणि एक-एक फाइल दिली आणि सांगितलं, "घासा." आम्ही दीड महिना घासत होतो.

मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाकूरला पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्यात आणि बेअरिंगात माझं बालपण गेलं होतं. घर्षणाने गरम झालेल्या बेअरिंगचा वास मला सातवीतच ओळखता येत होता. दहावीत मला बरे मार्क पडले. बरे म्हणजे क्लासवाल्यांनी पेपरात फोटो छापावा इतके नाहीत. त्या वर्षांत लातुरात दहावीनंतर पोरांचं एकच व्हायचं: क्लास लावायचा. माझ्या धाकट्या भावाला अप्पांनी आठवीपासूनच डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती. मी आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा अप्पांनी फी विचारली, ऐकली आणि लगेच सही केली. एवढ्या कमी पैशात आपली पोरगी मार्गी लागते याचा त्यांना आनंदच झाला असावा.

राहायला मी लातुरात मामाकडे होते. मामाच्या गल्लीत भूकंपानंतर जितक्या वेगाने भिंतींच्या भेगा बुजल्या, तितक्याच वेगाने घराघरांत क्लासची पोरं भरली. मामीने पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. मग बैठक दिली, मग जिन्याखालची जागासुद्धा दिली. मी धान्याच्या कोठीजवळ झोपत होते. चहूकडे पोरं मोठ्याने सूत्रं पाठ करत असायची आणि मध्ये मी ग्रीस लागलेली नखं रॉकेलने साफ करत बसायचे. मामी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "ही पण शिकती" एवढंच म्हणायची.

अर्धापूरची होस्टेलवर होती, पण सुट्टीच्या दिवशी तिचा मुक्काम माझ्याजवळ कोठीपाशीच असायचा. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आता सहज लिहिते. तेव्हा ते मला सहज मान्य नव्हतं. तिचा हात स्थिर होता. दोन तुकडे एकमेकांत बसवायचा जॉब असायचा. माझ्या जॉबच्या फटीतून उजेड दिसायचा, तिच्या जॉबमधून दिसायचा नाही. निदेशक तिचा जॉब खिडकीकडे धरून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. ते काही बोलले नाहीत की तो फार मोठा मान असायचा. मला मात्र पाच-पाच मिनिटं समजावून सांगायचे.

दोन वर्षं झाली. निकाल लागला. ती पहिली आली, मी चौथी.

आता आयटीआय पास झालेल्याने काय करायचं, याबद्दल प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला होता. अव्वा, म्हणजे माझी आई, विचारायची, "स्टायपेंड किती देत्यात?" अप्पा विचारायचे, "पर्मनंट करत्यात का?" सर्टिफिकेटबद्दल फक्त निदेशक विचारायचे. त्यांना घरी कोणी काही विचारत नव्हतं म्हणून असेल. माझ्या मनात तिन्ही प्रश्न होते आणि उत्तर एकाचंही नव्हतं.

नांदेडच्या एका सरकारी कार्यशाळेत बसगाड्या दुरुस्त व्हायच्या. तिथे दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेत. वर्षभर काम शिकायचं, महिन्याला स्टायपेंड, शेवटी परीक्षा. आम्ही दोघींनी अर्ज केला. आयटीआयच्या मार्कांवर यादी लागली. फिटरच्या यादीत इतर गावांतले पुष्कळ तगडे मार्कवाले होते. निवड झालेल्यांत सगळ्यात शेवटचं नाव तिचं होतं आणि प्रतीक्षा यादीत सगळ्यात पहिलं माझं. म्हणजे वरच्यांपैकी कोणी एक जण जरी आलं नाही, तरी माझा नंबर लागणार होता. हजर व्हायला सोमवारपर्यंतची मुदत होती.

त्याच आठवड्यात लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माणूस आयटीआयवर आला. तिथे लोखंडी दारं-खिडक्या तयार व्हायच्या. किल्लारीकडची गावं नव्याने वसत होती, घरं हजारोंनी उभी राहत होती आणि प्रत्येक घराला दार-खिडकी लागतेच. कारखान्याला ऑर्डरी पुरत नव्हत्या. त्याला हात पाहिजे होते. त्याने विचारलं, "तुमच्यात फिटरला पहिलं कोण?" तिला बोलावून घेतलं. वर्षभर ट्रेनी म्हणून या, नंतर कायम करू. आणि पैसे नांदेडच्या स्टायपेंडच्या दुप्पट.

ती विचारात पडली. तिचं घर अर्धापूरला, नांदेडपासून हाकेच्या अंतरावर. घरची थोडी केळीची बाग होती, वडील नव्हते, आई आणि भाऊ. भावाला नांदेडला नुकताच क्लास लावला होता आणि त्या क्लासला हप्ते होते. ती मला म्हणाली, "घरून नांदेडला जाता येतंय. पण डबल म्हणजे भावाचा क्लास निघतोय गं. तुला काय वाटतंय?"

मी म्हणाले, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी शाळा सोडल्याचा दाखला आणायला आयटीआयवर गेले. निदेशक एकटेच बेंचवर बसून डबा खात होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, ट्रेनी आणि अप्रेंटिस, दोन्ही एकच ना?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "एक कसं असंल? ट्रेनी म्हंजी कंपनीचा कागद. मालकानं लिहिला, मालकानं फाडला. अप्रेंटिस म्हंजी कायद्याचा करार. तो सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या ऑफिसात नोंदवत्यात, त्याला नंबर पडतो. नंबर असंल तरच वर्षानंतर परीक्षेला बसता येतंय. पास झालं की दिल्लीचं सर्टिफिकेट."

"मग नोकरी देतात?"

"देतीलच असं न्हाई. करारातच लिहिलंय, बांधील न्हाई म्हणून. पण भरती निघाली की तिथं शिकलेल्याला आधी धरत्यात. वर्षवार यादी असती. आधी शिकला तो वर, नंतर शिकला तो खाली." त्यांनी परत भाकरी उचलली आणि म्हणाले, "त्या अर्धापूरवाल्या पोरीलाबी सांग. तिनं मला विचारलं न्हाई. पैशाला भुलंल."

मी हो म्हणाले. अगदी मान हलवून.

आयटीआयपासून मामाच्या घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटं लागायची. त्या पंचवीस मिनिटांत मी तिला काय सांगायचं ते दहादा ठरवलं. घरी आले तर ती कोठीपाशी मामीला शेंगा सोलू लागत होती. मला बघून उठली. "बोल. काय करू?"

मी म्हणाले, "लातूरचं घे. दोन्ही एकच हाय. पैसे डबल हायत, कायम करतो म्हणालाय. आणि राहायचं काय, इथंच माझ्या जागेवर राहा. मी मामीला सांगते."

मामीनेही लगेच मान डोलावली, कारण ही पोरगी शेंगा भराभर सोलत होती.

तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू असल्यावर मला टेन्शन न्हाई." आजही तो धरलेला हात आठवला की माझा मलाच राग येतो. मी खोटं बोलले असं नाही, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. एक गोष्ट सांगितली नाही इतकंच. पण मी सांगितलेली "दोन्ही एकच" ही गोष्ट तर धडधडीत खोटी होती. सोमवारी ती नांदेडला हजर झाली नाही, मंगळवारी माझं नाव वर सरकलं आणि बुधवारी मी आनंदाने अप्पांना गिरणीवर जाऊन करार दाखवला.

अप्पांनी पिठाचे हात झटकले आणि सगळा करार वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. "यात तर छापूनच दिलंय, नोकरी द्यायला बांधील न्हाई म्हणून."

"तसंच असतंय अप्पा."

"लगीन करून द्यायला बांधील न्हाई असं छापून देणाऱ्या पाव्हण्यासारखं झालं की हे." पण सही केली. जामीन म्हणूनही त्यांचीच सही. पिठाचा एक बोटभर ठसा त्या कागदावर कायमचा राहिला.

आता माझ्या राहण्याचा प्रश्न आला. त्याचं उत्तर तिनेच दिलं. "नांदेडला खोली कशाला? आमच्या घरी राहा. आईला सोबत होईल. मी तुझ्या मामाकडं, तू माझ्या आईकडं." नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. अशी मी तिच्याच घरी राहायला गेले आणि तिच्याच आईच्या हातचा डबा घेऊन तिच्या जागेवर कामाला लागले.

तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. मावशी पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायच्या आणि माझ्या डब्यात एक जास्तीची टाकायच्या. "लोखंडाचं काम हाय, पोट रिकामं नको," म्हणायच्या. मी बसने नांदेडला जायचे, आठ वाजता कार्यशाळेत हजेरी. पहिले दोन महिने मला ब्रेकच्या लायनिंगला रिबिटा मारायला बसवलं. मग स्प्रिंगच्या पाट्यांच्या सेक्शनला पाठवलं, मग इंजिनाला. दर सेक्शनला काय शिकले ते वहीत लिहून फोरमनची सही घ्यायची. आठवड्यातून एकदा थिअरीचा वर्ग. तिथले जुने कारागीर सुरुवातीला मला "ताई, जरा चहा सांगा" म्हणायचे. मी म्हणायचे, "सांगते, तोवर तुम्ही हे रिबिट मारा." दोन-चार वेळा असं झाल्यावर चहा सांगायला दुसऱ्या कोणालातरी पाठवू लागले.

स्टायपेंड हातात आला त्या दिवशी अव्वाला फोन करायला मी एसटीडी बूथवर गेले. आकडा ऐकून अव्वा म्हणाली, "म्हणजे जायचं-यायचं भाडं देत्यात तर." मी म्हटलं, शिकवतातही. "मग ठीक हाय," म्हणाली आणि भावाच्या क्लासमधले टेस्टचे मार्क सांगायला लागली.

त्या वर्षी मी खूश होते, हे कबूल केलं पाहिजे. काम आवडत होतं. इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवला आणि तो नीट बसला की दिवस चांगला जायचा. वाईट वाटायचं ते फक्त संध्याकाळी, मावशी लेकीचं पत्र वाचून दाखवायच्या तेव्हा. "आई, इथं मला जिग, म्हंजी दारं जोडायचा साचा, बनवायला दिलाय. मालक म्हणतात तुझ्यासारखा हात न्हाई. वर्ष झालं की कायम." मावशी पत्र घडी घालून डब्यात ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "बरं झालं बाई, तू तिला नीट सांगितलंस."

दहाव्या महिन्यात कार्यशाळेत परीक्षेचे फॉर्म आले. माझ्या करारावरचा नोंदणी नंबर मी फॉर्मवर लिहिला. त्याच आठवड्यात लातूरहून पत्र आलं. मावशींनी ते माझ्याच हातात दिलं, त्यांचा चष्मा तुटला होता. तिने लिहिलं होतं: "आई, परीक्षेचा फॉर्म इथं आला न्हाई अजून. मालकाला विचारलं तर म्हणतात कशाची परीक्षा. तिला म्हणावं नांदेडच्या ऑफिसात विचारून ये, माझा फॉर्म कुठं अडकला."

मी ते मनातच वाचलं. मावशी म्हणाल्या, "काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "ऑफिसात एक चौकशी करायला सांगितलीय." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मावशींना वाटलं, परीक्षेची काळजी. त्यांनी दही-भात कालवून आणून दिला.

आठवडी सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी लातूरला निघाले. गाडी चाकूरला दहा मिनिटं थांबली. स्टँडवरून अप्पांच्या गिरणीचा आवाज ऐकू येत होता. मला उतरून घरी जावं आणि तिथेच राहावं असं वाटलं. उतरले नाही.

मामाच्या घरी दुपारी पोहोचले. बैठकीत आठ-दहा पोरं प्रश्नपत्रिका सोडवत होती, मामी त्यांच्यामधून वाट काढत पाणी नेत होती. ती कोठीपाशी माझ्याच अंथरुणावर बसून हॅक्सॉच्या पात्याने पेन्सिल तासत होती. मला बघून हसली. "फॉर्म आणलास?"

मी उभ्या-उभ्याच सांगितलं. फॉर्म येणार नाही. ट्रेनी वेगळं, अप्रेंटिस वेगळं. तुझा करार नाही, नोंदणी नाही, नंबर नाही, त्यामुळे परीक्षा नाही आणि सर्टिफिकेटही नाही. हे मला आधीच माहीत होतं. सरांनी तुला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. मला तुझी जागा पाहिजे होती.

हे सगळं एका दमात बोलून झालं. बोलण्याआधी मला वाटत होतं की सांगितलं की हलकं वाटेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

तिने पेन्सिल खाली ठेवली. बाहेर एक पोरगा मोठ्याने कसलं तरी उत्तर सांगत होता आणि दुसरा ते चूक आहे म्हणत होता. ती म्हणाली, "कधी कळलं तुला?"

"ज्या दिवशी तू शेंगा सोलत होतीस."

"म्हंजी तू मला लातूरचं घे म्हणालीस त्याच्या आधी."

"हाव."

ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने माझ्याकडे बघितलं. निदेशक तिचा जॉब खिडकीकडे धरून बघायचे तसं. मग म्हणाली, "उद्या तुला सुट्टी हाय का?"

"रजा टाकता येईल."

"टाक. सल्लागाराच्या ऑफिसात चल माझ्यासंग. ह्यो नियम तूच मला तिथं परत सांग, ते काय म्हणत्यात बघू."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या साहेबांनी तिचं ट्रेनीचं पत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. मागची बाजू कोरी होती. "ह्या वर्षाचं काही धरता येणार न्हाई," ते म्हणाले. "शिकाऊ म्हणून पहिल्यापासून यावं लागंल. मार्क चांगले हायत, पुढच्या बॅचला अर्ज करा."

"हे वर्ष?" तिने विचारलं.

"अनुभव म्हणा. कारखान्याच्या कागदावर लिहून घ्या."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "निम्म्या पैशात परत पहिल्यापासून." मग विचारलं, "भावाचा क्लास?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "त्याला सांगते, घरी बसून अभ्यास कर. पुस्तकं सगळ्यांची सारखीच असत्यात."

मालकाने तिला थांबवायचा प्रयत्न केला असता तर कदाचित ती थांबली असती. पण तोवर किल्लारीकडची बहुतेक घरं उभी राहिली होती, दारं-खिडक्या लागल्या होत्या. ऑर्डरी आटल्या. मालक चांगला माणूस होता, त्याने सगळ्या ट्रेनींना पेढे देऊन सांगितलं की आता दोन महिन्यांचा ब्रेक, मग बघू. कायम करायची भाषा त्याने मनापासून केली असेल. भूकंपाची घरं कधीतरी बांधून संपणार हे मात्र आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या बॅचला तगडे मार्कवाले कमी होते, तिचं नाव नांदेडच्या यादीत पहिलं लागलं. ती अर्धापूरला परत आली तेव्हा मी अजून तिथेच होते, माझा शेवटचा महिना आणि परीक्षा व्हायची होती. मी सामान आवरायला लागले. मावशी म्हणाल्या, "कुठं निघालीस? एकाच गाडीनं जा की दोघी." त्यांना तिने काही सांगितलं नव्हतं. मग महिनाभर आम्ही दोघी एकाच बसने गेलो-आलो. ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. रिबिटा मारायला तिला बसवलं तेव्हा मी इंजिनाला होते. दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हातोडा कसा धरायचा सांग. आता काय लपवू नको." मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिच्या रिबिटा माझ्यापेक्षा चांगल्या बसत होत्या.

मला सर्टिफिकेट मिळालं. वर्षभराने तिलाही मिळालं, जास्त मार्कांनी. आणि मग काही नाही. भरतीच निघेना. मी चाकूरला गिरणीवर बसले. गिऱ्हाईक नसलं की अप्पा भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटकडे बघून म्हणायचे, "बांधील न्हाई." मी म्हणायचे, "त्यावर पीठ उडतंय, पुसा जरा." भाऊ तोवर दुसऱ्यांदा मेडिकलच्या परीक्षेला बसत होता, त्यामुळे माझ्यावरचा अप्पांचा राग निम्माच असायचा.

दोनेक वर्षांनी भरतीची जाहिरात आली. शिकाऊ उमेदवारी त्याच कार्यशाळेत केलेल्यांना प्राधान्य, वयात सूट. आम्ही दोघींनीही अर्ज केला. मुलाखत झाली आणि यादी लागली. फिटरच्या जागांमध्ये महिलांसाठी एक होती.

यादी वर्षवार होती. महिलांमध्ये वरचं नाव माझं, खालचं तिचं. मधे एका वर्षाचं अंतर. बोर्डाजवळच्या कारकुनाला एका पोराने विचारलं, "साहेब, ह्या खालच्या पोरीचे मार्क जास्त हायत की." कारकून न चिडता म्हणाला, "मार्क न्हाई बघत, सर्टिफिकेटचं वर्ष बघतो. आधी शिकला तो वर." नियम तोच होता जो निदेशकांनी मला भाकरी खाली ठेवून सांगितला होता.

ती माझ्या शेजारी उभी होती. मला आधी आनंद झाला. खरंच झाला. लाज त्यानंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही. मी तिच्याकडे वळले. मला काहीतरी म्हणायचं होतं, ही जागा घेणार नाही असंही कदाचित म्हणाले असते. पण ते खरं नसतं. मी ती जागा सोडणार नव्हते. तिला ते माझ्याआधी कळलं असावं. ती म्हणाली, "जा, रुजू हो. अप्पांना फोन कर."

प्रतीक्षा यादी वर्षभर चालली आणि रद्द झाली. त्यानंतर बरीच वर्षं भरती झाली नाही. ती वयात बसेनाशी झाली.

मी आजही त्याच कार्यशाळेत आहे. आता शिकाऊ पोरांच्या वहीवर माझी सही लागते. ती आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते, कायम नाही, दर जूनमध्ये नवीन आदेशाची वाट बघत. मावशी होत्या तोवर मी दर संक्रांतीला अर्धापूरला जात होते. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिनेच कळू दिलं नाही. आम्ही आता बोलतो, चांगलं बोलतो, हसतोही. त्या विषयावर मात्र परत कधी बोललो नाही.

दर वर्षी तिच्या वर्गातल्या दोन-तीन मुली आमच्याकडे शिकाऊ म्हणून येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना समोर बसवते आणि सुरू करते, "हे बघा, करार नोंदवला का बघा, नंबर..." मुली एकमेकींकडे बघतात. एक जण वही उघडते. पहिल्या पानावर नोंदणी नंबर लिहिलेला असतो, खाली वर्षवार यादीचा नियम, त्याखाली ट्रेनी आणि अप्रेंटिसमधला फरक, सगळं मुद्देसूद. "मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय," त्या म्हणतात. मला सांगण्यासारखं तिने काहीच शिल्लक ठेवलेलं नसतं.